तानांची वही नको, आकडा सांभाळा

बावड्यातल्या ज्या घरी मूल पेटी वाजवतं किंवा गाणं शिकतं, त्या घरातल्या आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी हे लिहितो आहे. तुम्हाला स्वर कळत नसले तरी चालेल. बेरीज-वजाबाकी आणि चोवीसचा पाढा येत असला की पुरे.

क्लासमध्ये मुलाला सांगतात, भूपाचे पाच स्वर उलटसुलट करून पलटे लिहून आण. मूल वहीत लिहायला बसतं. सा रे ग प ध. मग रे सा ग प ध. मग जे सुचेल ते. वीस-पंचवीस झाल्यावर सुचायचं थांबतं. काही पलटे दोनदा लिहिले जातात, काही राहून जातात. कुठले राहिले ते मुलाला कळत नाही आणि तुम्हालाही सांगता येत नाही.

म्हणून आधी एक करा. सुचेल तसं लिहिणं बंद करा. एक ठरलेला क्रम धरा.

हा क्रम आपल्याच मुलखात फार पूर्वी लिहून ठेवलेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. या सिंघणानेच १२१२ च्या सुमारास शिलाहार भोजाला हरवून पन्हाळा आणि कोल्हापूर यादवांच्या राज्याला जोडलं. शार्ङ्गदेवाचं घराणं काश्मीरहून दक्षिणेत आलेलं. तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तानांचा हिशेब आहे, आणि तो वाचताना माणूस कुठल्या खात्यातला होता हे लक्षात येतं. एकही तान सुटायची नाही, एकही दोनदा यायची नाही, आणि कुठलीही तान कितव्या नंबरची हे न मोजता सांगता यायचं, अशी सोय त्याने करून ठेवली आहे.

आता सोय कशी चालते ते पाहू. आधी तीनच स्वर घ्या. सा, रे, ग. यात सा सर्वांत खालचा, ग सर्वांत वरचा. एवढं चढत्या क्रमाने लक्षात ठेवा.

शब्दकोशात शब्द कसे लावतात ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं अक्षर बराच वेळ तेच राहतं, शेवटची अक्षरं भराभर बदलतात. त्या रीतीने लावलं तर क्रम असा येईल: सा रे ग, सा ग रे, रे सा ग, रे ग सा, ग सा रे, ग रे सा.

शार्ङ्गदेवाने शब्दकोश दुसऱ्या टोकाने धरला. त्याच्या यादीत शेवटचा स्वर बराच वेळ तोच राहतो आणि सुरुवातीचे भराभर बदलतात. शेवटी आधी ग येतो, मग रे, मग सा. त्याची यादी अशी:

सा रे ग
रे सा ग
सा ग रे
ग सा रे
रे ग सा
ग रे सा

दोन्ही याद्या खऱ्या, दोन्हींत सहाच ताना. मला विचाराल तर गाणाऱ्या घरात शार्ङ्गदेवाची बरी. एकाच स्वरावर येऊन थांबणाऱ्या ताना तिच्यात शेजारीशेजारी बसतात, आणि गाताना कान थांबण्याच्या स्वराकडेच असतो.

आता मुख्य गोष्ट. यादी समोर नसताना, हातात एक तान असताना, पुढची कशी काढायची?

तान डावीकडून वाचत जा. प्रत्येक स्वरापाशी विचारा, याच्या डाव्या बाजूला याच्याहून खालचा स्वर आहे का? पहिल्यांदा ‘हो’ येईल तिथे थांबा.

ज्या स्वराशी थांबलात, त्याच्या जागी डावीकडच्या खालच्या स्वरांपैकी सर्वांत वरचा मांडा.

उजवीकडचं सगळं जसंच्या तसं खाली उतरवा.

उरलेले स्वर डावीकडे चढत्या क्रमाने भरा. झाली पुढची तान.

भूपावर करून पाहू. समजा मुलाने काल प ग ध सा रे या तानेवर वही मिटली. प पहिलाच, त्याच्या डावीकडे काही नाही. ग च्या डावीकडे फक्त प, तो वरचा. पुढे ध. त्याच्या डावीकडे प आणि ग आहेत, दोन्ही खालचे. इथे थांबलो. त्या दोघांत वरचा प, म्हणून ध च्या जागी प. उजवीकडचे सा रे तसेच. उरले ग आणि ध, ते चढत्या क्रमाने डावीकडे. आजची पहिली तान: ग ध प सा रे.

तीन-चार वेळा कागदावर केलं की मूल हे तोंडी करू लागतं. कुठेच ‘हो’ येत नाही अशी तान हाती आली, म्हणजे ध प ग रे सा, की यादी संपली.

याच कामाला शब्दकोशाची नेहमीची रीत हवी असेल तर दिशा फिरवा. उजवीकडून डावीकडे या. ज्याच्या उजवीकडे त्याच्याहून वरचा स्वर आहे अशा पहिल्या स्वराशी थांबा. त्याच्या जागी उजवीकडच्या वरच्या स्वरांपैकी सर्वांत खालचा मांडा. डावीकडचं तसंच ठेवा आणि उरलेले उजवीकडे चढत्या क्रमाने भरा. या रीतीने प ग ध सा रे नंतर प ग ध रे सा येते. एका घरात मात्र एकच रीत चालवा. थोरल्या मुलीची एक आणि धाकट्याची दुसरी असं झालं की नंबर जुळायचे नाहीत आणि दोघं भांडतील.

नंबर हाच या सगळ्याचा खरा फायदा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा वह्यापुस्तकं आधी गेली, हे इथल्या कितीतरी घरांना सांगायला नको. तानांची वही गेली तर हळहळ नको. शेवटच्या तानेचा नंबर दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेला असला तरी काम पुढे चालू होतं.

त्यासाठी एक तक्ता लागतो. शार्ङ्गदेव त्याला खंडमेरू म्हणतो. आपल्याकडे मेरखंड म्हणून जी गायकी प्रसिद्ध आहे, भेंडीबाजार घराण्याची आणि इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची, तिच्या नावातला ‘मेर’ तो हाच. तक्ता घरी करता येतो. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घ्या. पाच स्वरांसाठी पाच उभे रकाने पुरतात. प्रत्येक रकान्यात वरून खाली असे आकडे लिहा:

पहिला रकाना: १
दुसरा रकाना: ०, १
तिसरा रकाना: ०, २, ४
चौथा रकाना: ०, ६, १२, १८
पाचवा रकाना: ०, २४, ४८, ७२, ९६

हे आकडे पाठ करायची गरज नाही, ते आले कुठून ते समजून घ्या. चार स्वर २४ तऱ्हांनी लागतात. म्हणून पाच स्वरांच्या यादीत शेवटी ध असलेल्या ताना २४. त्यांच्यानंतर शेवटी प असलेल्या २४, मग ग, मग रे, मग सा. जिच्या शेवटी रे आहे, तिच्या आधी ध, प आणि ग यांचे तीन गट्ठे होऊन गेलेले असतात. तीन चोवीस बहात्तर. पाचव्या रकान्यातला चौथा आकडा तोच. तीन स्वर ६ तऱ्हांनी लागतात, म्हणून चौथा रकाना सहा-सहाने वाढतो. दोन स्वर २ तऱ्हांनी, म्हणून तिसरा दोन-दोनने.

शार्ङ्गदेव या घरांवर खडे ठेवायला सांगतो. तुम्ही चिंचोके घ्या. मुलांना ते आवडतात आणि लिहून खोडण्यापेक्षा चूक लवकर दिसते.

आता प ग ध सा रे या तानेचा नंबर काढू. काम शेवटच्या स्वरापासून सुरू करा आणि उलटं, म्हणजे उजवीकडून डावीकडे, या.

कागदावर स्वर चढत्या क्रमाने लिहा: सा रे ग प ध. तानेचा शेवटचा स्वर रे. वरून मोजा, ध, प, ग, रे. रे चौथा आला. पाचव्या रकान्याच्या चौथ्या घरात चिंचोका ठेवा. तिथे ७२.

आता कागदावरचा रे खोडा. ही पायरी विसरू नका. उरले सा ग प ध.

तानेचा पुढचा स्वर सा. उरलेल्यांत वरून मोजा, ध, प, ग, सा. चौथा. चौथ्या रकान्याच्या चौथ्या घरात चिंचोका, तिथे १८. सा खोडा. उरले ग प ध.

पुढचा स्वर ध. उरलेल्यांत वरून पहिलाच. तिसऱ्या रकान्याचं पहिलं घर, शून्य. ध खोडा. उरले ग आणि प.

पुढचा ग. वरून प, ग, म्हणजे दुसरा. दुसऱ्या रकान्याचं दुसरं घर, १. आता एकटा प राहिला, त्याचा चिंचोका पहिल्या रकान्यात, तिथे १.

बेरीज करा. ७२, १८, शून्य, १ आणि १. एकूण ९२. ही ब्याण्णवावी तान. तिच्यानंतर आपण काढलेली ग ध प सा रे हिचा नंबर याच पद्धतीने काढून बघा, ९३ आला पाहिजे. याला शार्ङ्गदेव उद्दिष्ट म्हणतो.

ज्यांना स्वर कळत नाहीत अशा आजोबांसाठी हे मोठं हत्यार आहे. नातू म्हणाला, आज मी ९० ते १०० म्हटल्या, तर कुठलीही एक तान लिहून मागा आणि चिंचोके लावा. खरंखोटं दोन मिनिटांत कळतं.

उलट बाजूही येते. नंबर माहीत आहे, तान हवी. त्याचं नाव नष्ट. समजा चौकटीवर ४७ लिहिलं आहे.

आधी एक कमी करा. ४६. हा एक म्हणजे पहिल्या रकान्यातला कायमचा चिंचोका.

पाचव्या रकान्यात ४६ मध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा २४. तो दुसऱ्या घरात आहे. सा रे ग प ध मध्ये वरून दुसरा प. म्हणजे तानेच्या शेवटी प. तो खोडा. ४६ मधून २४ गेले, उरले २२.

चौथ्या रकान्यात २२ मध्ये मावणारा सर्वांत मोठा १८, चौथं घर. सा रे ग ध मध्ये वरून चौथा सा. तो खोडा. उरले ४.

तिसऱ्या रकान्यात ४ आहेच, तिसरं घर. रे ग ध मध्ये वरून तिसरा रे. उरलं शून्य.

दुसऱ्या रकान्यात शून्य, पहिलं घर. ग आणि ध मध्ये वरचा ध. शेवटी राहिला ग.

मिळालेले स्वर मागून पुढे लिहिले की तान झाली: ग ध रे सा प. वही नसताना सत्तेचाळिसावी तान परत आली.

चुका कुठे होतात ते आता सांगतो, कारण या चुका गुपचूप होतात आणि पुढचं सगळं बिघडवतात.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे स्वर खोडायचा विसरणं. मग मोजणी जास्तीच्या स्वरांत होते. कधीकधी ती लगेच उघडी पडते, कारण चौथ्या रकान्यात पाचवं घर शोधावं लागतं आणि ते नसतंच. पण दर वेळी असं होत नाही. म्हणून नंबर काढला की उलट्या रीतीने त्यातून तान काढून बघा. मूळचीच तान परत आली तर हिशेब बरोबर.

दुसरी चूक एकाची. मोठी माणसंही ही करतात. सगळी मोजणी नीट, पण पहिल्या रकान्यातला १ राहून जातो. हिची तपासणी सोपी आहे. सा रे ग प ध चा नंबर १ यायला हवा आणि ध प ग रे सा चा १२०. शून्य आणि ११९ येत असतील तर एक चिंचोका कमी पडतो आहे.

तिसरी चूक पुढची तान काढताना होते. डावीकडचे उरलेले स्वर चढत्या क्रमाने न भरता मूल ते आधीच्या तानेत होते तसेच उतरवतं. मग यादी मधल्याच ताना गाळून पुढे उडी मारते. ओळखायचं कसं? शेवटचा स्वर बरोबर चोवीस ताना टिकला पाहिजे आणि शेवटचे दोन स्वर सहा ताना. वहीत सहा-सहा तानांनंतर एक रेघ मारायला सांगा. रेघेच्या आत शेवटचे दोन स्वर बदलले, की चूक त्याच सहांत शोधायची.

आता किती म्हणवून घ्यायचं? भूपाच्या १२० ताना रोज दहा धरल्या तर बारा दिवसांत होतात. हे जमण्यासारखं आहे. सातही स्वरांच्या मात्र ५०४० होतात. एकेका तानेला मिनिट धरलं तरी ८४ तास. सहावी-सातवीतल्या पोराच्या मागे हे लावू नका. शार्ङ्गदेवाच्या तक्त्यात सात रकाने आहेत ते हिशेब पुरा व्हावा म्हणून. घरी पाच रकाने भरपूर झाले. फार हौस असेल तर सहावा रकाना १२० ने आणि सातवा ७२० ने वाढवत न्या.

आणखी दोन ठिकाणी जपा.

तानेत एखादा स्वर दोनदा येत असेल, जसं सा सा रे ग, तर हा तक्ता लावू नका. तक्ता चारही स्वर वेगळे समजून २४ मोजतो, पण दोन सा सारखेच असल्यामुळे खऱ्या वेगळ्या ताना १२ च होतात. पुढची तान काढायची रीत इथेही चालते, फक्त ‘खालचा’ म्हणजे नक्की खालचा धरा, बरोबरीचा नाही. नंबर मात्र चुकीचे येतील.

दुसरं गुरुजींच्या अखत्यारीतलं. तक्त्याला राग कळत नाही. भूप आणि देशकार दोघांचे स्वर हेच पाच, सा रे ग प ध. फरक पडतो तो कुठला स्वर लांबवायचा आणि कुठून कुठे जायचं यात. १२० ही ताना दोन्ही रागांना सारख्याच. शिवाय देससारख्या रागात चढताना ग आणि ध वगळतात, तिथे यादीतल्या पुष्कळ ताना रागातच बसत नाहीत. म्हणून घरी जी यादी म्हणायची ती गळा आणि बोटं तयार करण्यासाठी. तिच्यातली कुठली तान बंदिशीत घ्यायची ते क्लासमध्ये विचारायचं. मूल म्हणालं की ही तान कानाला टोचते, तर रागावू नका. गुरुजीही तेच म्हणण्याची शक्यता आहे.

भूप झाला की नवा तक्ता करायला बसू नका. पाच स्वरांच्या कुठल्याही रागाला हाच चालतो, फक्त कागदावरचा चढता क्रम बदलायचा. मालकंसाला सा ग म ध नि लिहा. चिंचोके जिथे होते तिथेच राहतात. सत्तेचाळिसावी तान तीच, फक्त भूपाच्या रे च्या जागी ग, ग च्या जागी म, प च्या जागी ध आणि ध च्या जागी नि: म नि ग सा ध.